सुपरट्रेंडची रेषा: तीन एटीआर, सहा एटीआर आणि मधली वाईट जागा

शेअरचा चार्ट उघडून सुपरट्रेंड लावला की किमतीच्या खाली एक हिरवी रेषा दिसते, नाहीतर किमतीच्या वर एक लाल. रेषा हिरवी असेपर्यंत शेअर ठेवायचा, लाल झाली की बाहेर पडायचं. वापरायला इतकं सोपं दुसरं काही नाही, म्हणून नव्या ट्रेडरच्या चार्टवर बहुतेक वेळा पहिल्यांदा हाच इंडिकेटर येतो. मग काही आठवडे असे जातात की रेषा किमतीमागून शहाण्यासारखी चढत राहते आणि मोठी चाल हाती लागते. त्यानंतरच्या महिन्यात मात्र तीच रेषा आज हिरवी, चार दिवसांनी लाल, पुन्हा हिरवी असं करत आधीचा नफा खाऊन टाकते. सेटिंग चुकलं असेल असं वाटून माणूस आकडे बदलत बसतो. खरं तर ही दोन्ही वागणी एकाच गणितातून येतात, आणि ते गणित कागद-पेन्सिलीने करता येतं. ते एकदा हाताने करून पाहावं असा माझा आग्रह आहे, कारण त्यानंतर चार्टकडे पाहण्याची नजरच बदलते.

गणिताचं मूळ एटीआरमध्ये, म्हणजे ॲव्हरेज ट्रू रेंजमध्ये आहे. ही कल्पना जे. वेल्स वाइल्डर या अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरने १९७८ मध्ये आपल्या पुस्तकात मांडली. आरएसआय, एडीएक्स आणि पॅराबोलिक एसएआर हेही त्याच पुस्तकातले. शेअर दिवसभरात किती हलला हे सांगायला दिवसाचा उच्चांक वजा नीचांक पुरत नाही, असं वाइल्डरचं म्हणणं होतं. बाजार आदल्या दिवशी जिथे बंद झाला तिथून रात्रीत उडी मारून उघडला, तर ती उडीसुद्धा हालचालच आहे. म्हणून तो तीन अंतरं मोजतो: आजचा उच्चांक ते आजचा नीचांक, कालचा बंद भाव ते आजचा उच्चांक, आणि कालचा बंद भाव ते आजचा नीचांक. यातलं सर्वांत मोठं अंतर ही त्या दिवसाची ट्रू रेंज.

४ जून २०२४ चा निफ्टी घ्या. लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. आदल्या दिवशी निफ्टी सुमारे २३,२६४ वर बंद झाला होता. त्या दिवशीचा उच्चांक सुमारे २३,१८० आणि नीचांक सुमारे २१,२८१. दिवसाचा स्वतःचा पल्ला १,८९९ अंकांचा; पण कालच्या बंद भावापासून नीचांकापर्यंतचं अंतर १,९८३. ट्रू रेंज म्हणून हा दुसरा आकडा धरायचा. हातात निफ्टी घेऊन रात्र काढलेल्या माणसाने खरोखर तेवढी घसरण सोसली होती.

आता अशा रोजच्या रेंजची सरासरी. वाइल्डरने दहा-चौदा आकडे पुन्हा पुन्हा बेरजेला न घेता एक सुटसुटीत रीत वापरली. त्या काळी हे काम हातानेच करायचं होतं. दहा दिवसांचा एटीआर हवा असेल तर कालच्या एटीआरला नवाने गुणायचं, आजची ट्रू रेंज मिळवायची आणि दहाने भागायचं. समजा, ३ जूनला एटीआर २५० होता. मग ४ जूनला तो (९ × २५० + १,९८३) ÷ १०, म्हणजे सुमारे ४२३ झाला. एका दिवसाने सरासरी इतकी वर नेली. आणि या रीतीत तो दिवस दहा दिवसांनी हिशेबातून गळून पडत नाही. त्याचा परिणाम रोज एक दशांशाने विरत जातो. निम्मा व्हायला साधारण सात सत्रं लागतात. काही सॉफ्टवेअर साधी सरासरी घेतात, आणि तिथे तो दिवस दहा सत्रांनंतर एकदम बाहेर पडतो. दोन मित्रांच्या पडद्यांवर त्याच शेअरचा, त्याच सेटिंगचा सुपरट्रेंड वेगळा दिसला, तर पहिल्यांदा हे तपासावं.

सुपरट्रेंड हा इंडिकेटर ओलिव्हिए सेबाँ या फ्रेंच ट्रेडरच्या नावाने ओळखला जातो. त्याची मांडणी अशी. दिवसाच्या उच्चांक-नीचांकाचा मध्य काढायचा. त्यातून एटीआरची तीनपट वजा केली की खालची रेषा, मिळवली की वरची. ट्रेडिंगव्ह्यूवर सुपरट्रेंड उघडल्यावर जे १० आणि ३ दिसतात ते हेच: दहा कॅन्डलचा एटीआर आणि तीनचा गुणक. वाइल्डरनेही १९७८ च्या पुस्तकात जवळपास तीन एटीआर मागे राहून दिशा बदलणारी एक पद्धत दिली होती. तेव्हा कल्पना जुनी आहे; सुपरट्रेंडने तिला रंग दिला आणि पडद्यावर वाचायला सोपी केली.

या मांडणीचा खरा जीव पुढच्या नियमात आहे. खालची रेषा वर सरकू शकते, पण खाली येऊ शकत नाही. आजचं गणित कालच्या रेषेच्या वरचा आकडा देत असेल तर रेषा तिथे जाते. खालचा देत असेल तर कालच्याच जागी थांबते. घाटात चढणाऱ्या ट्रकच्या मागच्या चाकाला क्लीनर दगडाची उटी लावत पुढे नेतो, तसं: ट्रक पुढे गेला की उटी पुढे, ट्रक थांबला की उटी तिथेच. वरच्या लाल रेषेचा नियम उलटा, ती फक्त खाली येऊ शकते. रेषेला हा बांध सुटतो तो एकाच प्रसंगी, कॅन्डल तिच्या पलीकडे बंद झाली तर. मग रंग बदलतो, आजवर दिसत होती ती रेषा लपते आणि दुसरी पुढे येते. पडद्यावर एकच रेषा दिसत असली तरी हिशेब दोन्हींचा सतत चालू असतो, हे ध्यानात ठेवायला हवं.

आता एक काल्पनिक शेअर घेऊ. एटीआर १० रुपये आहे आणि काही काळ तेवढाच राहतो असं समजू. शेअर पडत पडत तळाला आला, तळाच्या दिवसाचा मध्य ४८० रुपये. लाल रेषा तिथे ४८० अधिक ३०, म्हणजे ५१० वर येऊन थांबली. शेअर चढू लागला आणि एके दिवशी ५१२ ला बंद झाला. रेषा हिरवी झाली आणि आपण घेतला. तळापासून ३२ रुपये आधीच निघून गेले होते. पुढे शेअर ६८० पर्यंत गेला. हिरवी रेषा मागून येत ६५० वर पोचली. मग शेअर उतरला, ६४७ ला बंद झाला, आपण बाहेर. तळ ते शिखर २०० रुपयांची चाल, त्यातले १३५ हातात आले. शिखरावर ३३ रुपये सोडले याची चुटपुट लागते, पण चालत्या ट्रेंडमधल्या सगळ्या छोट्या घसरणी ह्याच ३० रुपयांच्या अंतराने पचवल्या. शेअर ५९० वरून ५७० वर आला त्या दिवशी घाबरून विकलं गेलं नाही, ते याच अंतरामुळे.

त्याच हिशेबात फक्त शिखर बदलून पाहू. शेअर ६८० ऐवजी ५६० लाच वळला, तर रेषा ५३० वर असेल, विक्री ५२७ च्या आसपास होईल. ८० रुपयांच्या चालीतून १५ मिळाले. ५४० ला वळला तर रेषा ५१०, विक्री ५०८, आणि ४ रुपये तोटा. ५२० ला वळला तर रेषा ४९०, विक्री ४८७, तोटा २५. शेअर चाळीस रुपये वर गेला, आपण योग्य दिशेनेच उभे होतो, तरी पंचवीस गेले.

यात एक साधी गोष्ट दडलेली आहे आणि माझ्या मते सुपरट्रेंडबद्दल जाणून घेण्यासारखी सर्वांत महत्त्वाची तीच. हा इंडिकेटर प्रत्येक चालीच्या सुरुवातीचे तीन एटीआर आणि शेवटचे तीन एटीआर सोडून देतो. म्हणजे तळ ते शिखर चाल सहा एटीआरपेक्षा मोठी असेल तरच त्यात काही उरतं. चाल तीन एटीआरपेक्षा लहान असेल तर रंगच बदलत नाही, त्यामुळे नफाही नाही आणि तोटाही नाही. वाईट जागा या दोहोंच्या मधली, तीन ते सहा एटीआरची. तिथे चाल रंग बदलण्याइतकी मोठी असते, पण खर्च भरून काढण्याइतकी नसते. बाजारात ज्याला व्हिपसॉ म्हणतात, लागोपाठ घेतलं की पडतं आणि विकलं की चढतं, तो याच पट्ट्यात घडतो.

मग साइडवेज बाजारात थोड्या रुंद पट्ट्यातच त्रास व्हायला हवा, शांत आणि अरुंद पट्ट्यात नाही. सुरुवातीला तसंच होतं. आपला शेअर आता ४९० ते ५१० या मध्यांमध्ये खाली-वर करतो आहे असं धरा. पट्टा २० रुपयांचा, एटीआर १०, म्हणजे चाल दोन एटीआरची. लाल रेषा ४९० अधिक ३०, म्हणजे ५२०. हिरवी ५१० वजा ३०, म्हणजे ४८०. शेअर दोन्हींच्या आत आहे, रंग बदलत नाही, सगळं ठीक चाललं आहे असं वाटतं.

पण बाजार थंडावला की रोजची रेंजही लहान होते. समजा, ट्रू रेंज १० ऐवजी ५ रुपये पडू लागली. वाइल्डरच्या सरासरीने एटीआर हळूहळू उतरतो, आणि साधारण पंधरा-सोळा सत्रांत, म्हणजे तीन आठवड्यांत, १० वरून ६ वर येतो. आता तीन एटीआर म्हणजे ३० नव्हे, १८ रुपये. शेअर पुन्हा ४९० ला गेला की लाल रेषा ५०८ वर येते, ५१० ला गेला की हिरवी ४९२ वर चढते. रेषा मागे जात नाही, पुढे मात्र येते, म्हणून दोन्ही बाजूंनी किमतीकडे सरकत जातात. शेअरने काहीही नवं केलेलं नाही. तोच वीस रुपयांचा पट्टा, पण मोजपट्टी आखूड झाल्यामुळे दोन एटीआरची चाल आता तीनहून अधिक एटीआरची झाली आणि अलगद वाईट जागेत आली. शेअर ५०९ ला बंद झाला, खरेदी. खाली येऊन ४९१ ला बंद झाला, विक्री. अठरा रुपये गेले. ज्याने विकताना शॉर्टही केलं त्याने पुढच्या ५०९ ला आणखी अठरा दिले. असे चार फटके बसले की ७२ रुपये झाले, पाचशेच्या शेअरवर चौदा टक्क्यांहून जास्त, आणि ब्रोकरेज व कर वेगळे. चार्टवर शेअर मात्र होता तिथेच.

म्हणून चार्ट पाहताना मी रंगाआधी एक भागाकार करायला सांगेन. गेल्या महिनाभरातल्या चढ-उतारांमध्ये एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत शेअर साधारण किती रुपये चालला, त्याला आजच्या एटीआरने भागा. उत्तर तीन-चारच्या घरात येत असेल तर रेषेच्या पुढच्या रंगबदलावर फार विसंबू नये. एटीआर स्वतः आठवड्यांमागून आठवडे उतरत असेल तर अजून सावध. या तपासणीची मर्यादा स्पष्ट आहे: ती झालेल्या चालींबद्दल सांगते, पुढच्या चालीबद्दल नाही. मोठा ट्रेंड बऱ्याचदा अशाच आखडलेल्या पट्ट्यातून सुटतो, आणि सुटण्याचा पहिला दिवस व्हिपसॉच्या पहिल्या दिवसासारखाच दिसतो. सगळे रंगबदल टाळले तर तो एक मोठा ट्रेंडही हुकतो, आणि सुपरट्रेंडची सगळी कमाई अशा मोजक्या ट्रेंडमधूनच होते. यावर आकडेमोडीचा तोडगा नाही. माझा कल असा की सुपरट्रेंडला बाहेर पडण्यासाठी वापरावं, उलट बाजूला उडी मारण्यासाठी नाही. घेतलेल्या शेअरचा ट्रेलिंग स्टॉपलॉस म्हणून ही रेषा उत्तम काम करते. तिचा प्रत्येक रंगबदल म्हणजे नवा सौदा असं धरलं की पट्ट्यातला तोटा दुप्पट होतो.

गुणक बदलून सुटका होईल का? तीनऐवजी दोन घेतला तर रेषा जवळ येते, चाल लवकर पकडली जाते, पण वाईट जागा नाहीशी होत नाही, ती दोन ते चार एटीआरवर सरकते. चार घेतला तर चार ते आठवर. गेल्या वर्षाच्या आकड्यांवर उत्तम ठरलेला गुणक म्हणजे गेल्या वर्षीच्या चालींची रुंदी ज्याच्या वाईट जागेबाहेर पडली तो. यंदाच्या चाली त्याच रुंदीच्या असतील याची हमी कोणी देत नाही. म्हणून दोन पूर्णांक तीन दशांश की चार दशांश असल्या शोधात वेळ घालवणं मला व्यर्थ वाटतं.

साइडवेज हा शब्दही जपून वापरायला हवा. निफ्टीने ऑक्टोबर २०२१ मध्ये १८,६०४ चा उच्चांक केला, आणि १ डिसेंबर २०२२ ला तो १८,८८७ पर्यंत गेला. तेरा महिन्यांहून जास्त काळ लोटून निर्देशांक जवळपास तिथेच. महिन्याच्या कॅन्डलवर पाहणारा याला साइडवेज म्हणेल आणि ते बरोबर आहे. पण याच काळात निफ्टी एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला १८,१०० च्या वर होता आणि १७ जूनला १५,१८३ पर्यंत पडला, आणि तिथून डिसेंबरपर्यंत ३,७०० अंक चढला. दिवसाचा एटीआर ३०० अंक धरला, तरी पहिली चाल जवळजवळ दहा एटीआरची आणि दुसरी बारा एटीआरची. रोजच्या कॅन्डलवरच्या सुपरट्रेंडसाठी हे ट्रेंड आहेत, अधेमधे रंग बदलले तरी. उलट, पंधरा मिनिटांच्या कॅन्डलवर दिवसभर भरभरून ट्रेंड दिसतो आणि रोजच्या चार्टवर तो सगळा दिवस एका लहानशा कॅन्डलमध्ये संपलेला असतो. बाजार ट्रेंडमध्ये आहे का, या प्रश्नाला कोणत्या कॅन्डलवर हे सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

आता धक्क्याच्या दिवसाकडे येऊ, कारण तिथे रेषेचं तिसरं वागणं दिसतं. शेअर ५०० ला आहे, एटीआर १०, हिरवी रेषा ४७० वर. एखाद्या बातमीने शेअर दिवसात ५०५ वरून ४४५ पर्यंत कोसळला, पण संध्याकाळी सावरून ४८० ला बंद झाला. ट्रू रेंज ६०. एटीआर (९ × १० + ६०) ÷ १०, म्हणजे १५ झाला. दिवसाचा मध्य ४७५, त्यातून ४५ वजा केले की ४३०. पण रेषा खाली येत नाही, म्हणून ४७० वरच थांबते. आणि बंद भाव ४८० असल्याने रंगही हिरवाच राहतो.

पुढच्या आठवड्यात शेअर पुन्हा ५०० ला आला तरी गणित ४५५ किंवा थोडं वर देतं. रेषा हलत नाही. ती ४७० वरून उठायला शेअरचा मध्य ५१५ च्या आसपास जावा लागतो, एटीआर थोडा विरला असेल तर त्याहून जरा कमी. चार्टवर हे सहज ओळखता येतं: किंमत वर चालली आहे आणि खालची रेषा फूटपट्टीने आखल्यासारखी आडवी पडून आहे. अशा वेळी आपला स्टॉपलॉस तीन नेहमीच्या एटीआरपेक्षा कितीतरी दूर असतो. शेअर ५१० ला असेल तर अंतर ४० रुपयांचं, आधी ते ३० होतं. तेव्हा त्या जागी नवी खरेदी करणाऱ्याने शेअरची संख्या त्याच प्रमाणात कमी ठेवायला हवी. शंभर शेअरवर तीन हजारांची जोखीम घ्यायची सवय असेल, तर इथे पंचाहत्तरच घ्यावेत.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडलेली असते. ज्याने ब्रोकरकडे ४७० ला स्टॉपलॉसची ऑर्डर टाकून ठेवली होती, त्याचा शेअर दुपारी ४७० च्या आसपास, किंवा घसरण झपाट्याची असेल तर त्याहून खाली, विकला गेला. संध्याकाळी चार्ट पाहिला तर सुपरट्रेंड हिरवाच. इंडिकेटर चुकला असं त्याला वाटतं, पण दोघं वेगवेगळे नियम पाळत होते. इंडिकेटर बंद भाव बघतो, ऑर्डर स्पर्श बघते. ऑर्डर ठेवणाऱ्याला ४४५ चा सूर दिसत असताना शेअर धरून बसावं लागलं नाही, हा त्याचा फायदा. बंद भावाची वाट पाहणाऱ्याचा शेअर हातात राहिला, हा त्याचा. पण बंद भाव ४८० ऐवजी ४४८ आला असता तर त्याला रेषेच्या बावीस रुपये खाली विकावं लागलं असतं. जुन्या आकड्यांवर सुपरट्रेंड तपासून कोणी नफ्याचा आलेख दाखवला, तर त्यात विक्री रेषेच्या भावाने धरली आहे की कॅन्डलच्या बंद भावाने, हे विचारावं. रेषेच्या भावाने धरली असेल आणि रंगबदल मात्र बंद भावाने, तर तो आलेख अशा भावाला विकतो आहे जो त्या क्षणी बाजारात नव्हताच.

चालू कॅन्डलवरचा रंगही याच कारणाने कच्चा असतो. सकाळी अकरा वाजता रोजच्या चार्टवर रेषा लाल दिसली, तरी उच्चांक, नीचांक, ट्रू रेंज आणि बंद भाव यांतलं काहीच अजून ठरलेलं नसतं, आणि साडेतीनला ती पुन्हा हिरवी झालेली असू शकते. मोबाइलवर अलर्ट लावताना कॅन्डल पूर्ण झाल्यावरच सूचना येईल असा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो. तो निवडला की अकरा वाजताचा हा लाल रंग अलर्ट म्हणून येत नाही.